तिसऱ्या आणि चौथ्या शिक्क्यामध्ये

जयपूरच्या ‘बाईस गोदाम’ नावाच्या वस्तीत, मागच्या गल्लीत, पत्र्याच्या उंच छपराखाली, औषधांचं एक मोठं भांडार होतं. जयपूरपासून पार वाळवंटातल्या तालुक्यांपर्यंतच्या सरकारी दवाखान्यांना तिथून माल जायचा. दवाखान्याची मागणी आली की तिची एक चिठ्ठी बने आणि ती चिठ्ठी गोदामभर फिरे. ती जिथे जाई तिथे वेळेचा शिक्का मारणारं एक घड्याळ भिंतीला लावलेलं होतं. चिठ्ठी आत सरकवायची, दांडा दाबायचा, खट् आवाज आला की तारीख, तास आणि मिनिट कागदावर उमटे. असे पाच शिक्के. मागणी आली तो पहिला. चिठ्ठी माल काढणाऱ्याच्या हातात पडली तो दुसरा. रॅकमधून माल काढून ट्रे तपासणीच्या टेबलावर ठेवला तो तिसरा. तपासून झालं तो चौथा. खोकं बांधून गाडीत चढलं तो पाचवा.

प्रतिमाने एम.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं होतं. नवऱ्याची, उमाकांतची, विमा कंपनीतली बदली नागपूरहून जयपूरला झाली, आणि तिथल्या सोडाला भागात घर लागल्यावर दोन महिन्यांत तिला या भांडारात सांख्यिकी सहायकाची नोकरी मिळाली. १९८६ च्या त्या मे महिन्यात मॅनेजर द्वारकाजींनी तिला बोलावून एकच काम दिलं होतं.

"प्रतिमाजी, दवाखाने ओरडतायत. सकाळची मागणी दुपारच्या बसला चढत नाही. सचिवालयातून दोनदा विचारणा झाली. पाच शिक्के आहेत, त्यांत वेळ कुठे जातो तेवढं शोधून द्या. कुणाचं नाव नको, नुसती जागा सांगा."

तिने बारा दिवसांच्या चारशे बारा चिठ्ठ्या घेतल्या, जेवणाची सुट्टी आणि रात्रीचे तास वगळले, आणि प्रत्येक दोन शिक्क्यांमधलं अंतर मिनिटांत मांडलं. सरासऱ्या काढल्या. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत अडतीस मिनिटं. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत बावीस. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत ऐंशी. चौथ्यापासून पाचव्यापर्यंत तीस. एका पानाचा अहवाल, खाली एक वाक्य : सर्वांत संथ टप्पा तपासणीचा.

बुधवारी द्वारकाजींनी तो कागद वाचला आणि टेबलावर बोटांनी ताल धरला.

"म्हणजे रॅक लावायची माझी पद्धत बरोबर होती! बावीस मिनिटं! आधी तीस लागायची." मार्चमध्ये त्यांनी सगळे रॅक नव्याने लावून घेतले होते, खोक्यांच्या मापाप्रमाणे. एका मापाची खोकी एका खणात, जागा वाचली, माणसांची पायपीट वाचली. "आणि हा बुढ्ढा ऐंशी मिनिटं घेऊन बसतो. चष्मा पुसतो की औषधं तपासतो?"

"सर, मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही."

"टेबल एक आहे, माणूसही एक आहे. नाव लिहायला कशाला लागतंय?"

तो माणूस म्हणजे कोंडिबा. भुसावळचा. रेल्वेच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढून जयपूरला निवृत्त झालेला आणि मग इथे तपासनीस म्हणून लागलेला. गोदामात मराठी बोलणारी ती दोघंच. प्रतिमा त्याला काका म्हणायची आणि तो तिला ताई. गुरुवारी सकाळी त्याला पत्र मिळालं : महिनाअखेर सेवा समाप्त, सोमवारपासून तपासणीचं टेबल बंद, माल काढणाऱ्यानेच माल पाहून थेट बांधणीला द्यावा.

प्रतिमा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमचं अक्षर सुंदर आहे हो ताई," कोंडिबा म्हणाला. त्याने ट्रेमधली बाटली उजेडात धरली, चिठ्ठीवरच्या ओळीशी ताडली आणि परत ठेवली. "सायबांनी कागद दाखवला मला. ऐंशी. मोठा आकडा आहे."

"काका, शिक्के तुम्हीच मारता ना? उशिरा मारता का?"

"काम झालं की मारतो. न झालेल्या कामावर शिक्का मारायची सवय नाही मला."

एवढं बोलून तो पुढच्या ट्रेकडे वळला. पुढचा ट्रे एकच होता.

हे तिला जेवणाच्या डब्यापाशी आठवलं. एकच ट्रे. तिने पेन काढून डब्याच्या कागदावर मांडलं. बारा दिवसांत चारशे बारा, म्हणजे दिवसाला चौतीस. आठ तासांत चौतीस, तासाला सव्वाचार. प्रत्येक ट्रे तिथे ऐंशी मिनिटं, म्हणजे एक तास वीस मिनिटं थांबत असेल, तर कुठल्याही घटकेला त्या टेबलावर सरासरी सहा ट्रे असायला हवेत. पाच-सहा. कधी दहा, कधी दोन, पण सरासरी सहा. ती रोज चार वेळा त्या टेबलावरून जायची. एक ट्रे, फार तर दोन. सहा तिने कधी पाहिले नव्हते. सहा त्या टेबलावर मावलेही नसते.

मग उरलेले चार ट्रे कुठे होते?

भाजी गार झाली. हिशेब इतका साधा होता की कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलीने केला असता. तिने अहवाल देण्याआधी तो केला नव्हता.

शुक्रवारी ती मनगटी घड्याळ आणि वही घेऊन तपासणीच्या टेबलापासून थोड्या अंतरावर स्टूल टाकून बसली. बाहेर गरम वाऱ्याची लू सुटली होती, पत्रे तडतडत होते. माल काढणाऱ्यांचा मुकादम सुखदेव ट्रे घेऊन येता-जाता हसायचा.

"दीदी, काकांची आरती करायला बसलात? दोन दिवस उरलेत त्यांचे."

"तुझापण वेळ मोजतेय, सुखदेव."

"मोजा की. आपण तर विमान आहोत."

पहिला ट्रे : कोंडिबाने हातात घेतल्यापासून शिक्का मारेपर्यंत सहा मिनिटं. दुसरा : पाच. तिसऱ्या ट्रेवर त्याचा हात थांबला. त्याने काही न बोलता एक खोकं बाजूला काढलं, चिठ्ठीच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक ठिपका दिला, चिठ्ठी ट्रेमध्येच ठेवली आणि ट्रे सुखदेवकडे ढकलला. शिक्का मारला नाही. सुखदेवने मान खाली घालून तो ट्रे उचलला आणि रॅकमागे एका फळीवर नेऊन ठेवला. तिथे आणखी चार ट्रे पडून होते.

प्रतिमाने वही मिटली.

तो ट्रे फळीवरून हलला तो दुपारी. माल काढणाऱ्यांच्या हातात नव्या चिठ्ठ्या आधी पडत, कारण नव्या चिठ्ठीवर दुसरा शिक्का बसलेला असे आणि तिची मिनिटं मोजली जात. परत आलेल्या ट्रेची मिनिटं कुणाच्याच नावावर नव्हती. तिसरा शिक्का केव्हाच बसलेला, चौथा बसायचा बाकी. तो सगळा काळ कोंडिबाच्या खात्यात जमा होत होता. दिवसभरात तपासून झालेले चौतीस ट्रे तिने मोजले. कोंडिबाचं स्वतःचं काम ट्रेमागे सहा मिनिटांच्या वर कधी गेलं नाही. आठ तासांतले निम्मेसुद्धा तास त्याला लागले नाहीत. आणि दहा ट्रे परत गेले.

पाचच्या सुमाराला ती त्याच्याजवळ गेली.

"काका, हे ठिपके कशाचे?"

"माझे आहेत. लक्षात राहावं म्हणून. कुठला ट्रे किती वेळा फिरला ते."

"लाल वहीत का लिहीत नाही? चूक सापडली की लाल वहीत नोंद करायची असा नियम आहे ना?"

कोंडिबाने चष्मा काढला. "तीन नोंदी झाल्या की माणूस हजेरीवरून काढायचा, हा पण नियम आहे. ही सगळी रोजंदारीची माणसं, ताई. मार्चपासून रॅक असे लावलेत की एका खणात सगळी सारखीच खोकी. पांढरं खोकं, निळी पट्टी, मुंगीएवढी अक्षरं. त्यांतल्या निम्म्यांना इंग्रजी वाचता येत नाही, नंबर जुळवतात बिचारे. वहीत लिहायला लागलो असतो तर एप्रिलमध्येच हे गोदाम रिकामं झालं असतं. मी पकडतो, ते बदलतात. कुणाचं काही बिघडत नाही."

"बिघडलं ना. तुमची नोकरी गेली."

"माझं वय झालंय."

"आणि सोमवारपासून कोण पकडणार?"

कोंडिबाने जवळच्या ट्रेमधून दोन खोकी उचलून तिच्या पुढ्यात ठेवली. दोन्ही पांढरी, दोन्हींवर निळी पट्टी, दहा मिलीच्या काचेच्या कुप्या. "हे एक इंजेक्शनचं पाणी. पेनिसिलिनची पूड यात विरघळवतात. आणि हे पोटॅशियम क्लोराइड. सलाइनच्या मोठ्या बाटलीत मिसळून थेंबाथेंबाने देतात. सरळ शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. एका खणात ठेवलेत साहेबांनी. माप एक आहे म्हणून."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"दोनदा. म्हणाले, तपासायला तुम्ही आहात ना." त्याने खोकी परत ट्रेमध्ये ठेवली. "पण ठिपके दाखवू नका, ताई. दाखवले तर सुखदेवसकट सगळे घरी जातील. एवढं माझं ऐका."

शनिवारी प्रतिमाला सुट्टी होती. सकाळीच तिने घरी आणलेल्या बारा दिवसांच्या चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. ठिपक्यांकडे पाहायचं नाही असं ठरवून नुसत्या तिसऱ्या आणि चौथ्या शिक्क्यातल्या अंतराप्रमाणे ती लावत गेली. गठ्ठे आपोआप दोन झाले. एकात दोनशे त्र्याऐंशी चिठ्ठ्या, सगळ्या वीस मिनिटांच्या आत, सरासरी दहा. दुसऱ्यात एकशे एकोणतीस, एकही दोन तासांखाली नाही, सरासरी पावणेचार तासांहून जास्त. मध्ये काहीच नव्हतं. ऐंशी मिनिटं लागलेली चिठ्ठी त्या चारशे बारांत एकही नव्हती.

"आई, मतलब तुझा आकडा गलत होता?" विभा म्हणाली. ती दहा वर्षांची होती आणि निम्मं हिंदीतच बोलायची.

"आकडा बरोबर होता. पण तसा ट्रे कुठेच नव्हता."

एकशे एकोणतीस. जवळजवळ तीनात एक. तिने नवा अहवाल लिहिला. संथ टप्पा तपासणीचा नाही, दुसऱ्यांदा माल काढण्याचा आहे. तपासणी बंद केली तर तो टप्पा सुधारणार नाही, फक्त दिसेनासा होईल. रॅकची मांडणी बदलावी. नाव कुणाचंच नाही, ठिपक्यांचा उल्लेख नाही.

"सोमवारी दे," उमाकांत म्हणाला. "बदल सोमवारपासून आहे ना? बाहेर डोकं फुटेल असं ऊन आहे."

तिने दुपारी तीनपर्यंत धीर धरला. मग कागद पिशवीत घालून निघाली.

गोदामात शिरल्याबरोबर तिला जाणवलं की आत जास्त उजेड आहे. तपासणीचं टेबल नव्हतं. त्या जागी झाडलेली मोकळी फरशी होती आणि ट्रे रॅककडून सरळ बांधणीकडे जात होते. दाराजवळच्या खोक्यावर कोंडिबा टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"किल्ल्या द्यायला आलो होतो," तो म्हणाला. "काल संध्याकाळीच साहेबांनी सांगितलं, उद्या येऊ नका, उद्यापासूनच करून बघतो म्हणून."

द्वारकाजींचा चेहरा फुलला होता. "या, या! तुमचंच श्रेय. छत्तीस मागण्या, छत्तीस रवाना! दुपारच्या बस गेल्या, एक चिठ्ठी मागे नाही. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत पंचवीस मिनिटं. आणि ऐका, एकसुद्धा ट्रे परत गेला नाही!"

प्रतिमाने पिशवीतला कागद काढला नाही. छत्तीसाचा तिसरा हिस्सा तिच्या डोक्यात आपोआप झाला होता. अकरा-बारा.

"सर, परत पाठवायला कुणी नव्हतंच. काल दहा ट्रे चुकीचे होते. आजचे गाडीवर आहेत."

"कसले दहा? लाल वही कोरी आहे."

तिने कोंडिबाकडे पाहिलं. त्याने टोपीकडे पाहिलं. तेवढ्यात मागून सुखदेव बोलला.

"वही कोरी आहे, साब, कारण काका लिहीत नव्हते." त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "रोज दहा-बारा परत यायचे. माझे पण. आज मी विचार करत होतो, आज परत का येत नाहीत."

द्वारकाजी खुर्चीवरून उठले, परत बसले. "आता... आता कुठल्या खोक्यात काय गेलंय ते कसं कळणार? बांधून गेलंय सगळं."

"मोजून," प्रतिमा म्हणाली. "रॅकमध्ये काय उरलं त्यावरून. सगळं नंतर. आधी तो दहा मिलीचा खण."

चौघं त्या खणासमोर उभे राहिले. कोंडिबा मोजत गेला, ती साठ्याच्या वहीशी ताडत गेली. पोटॅशियम क्लोराइड : वहीप्रमाणे सकाळी अठरा खोकी, आज कुणीही मागितलेलं नाही. खणात सोळा. इंजेक्शनचं पाणी : सकाळी चाळीस, आज चार दवाखान्यांनी मिळून नऊ मागितलेली. उरायला हवी एकतीस. खणात तेहतीस.

"पुन्हा मोजा," द्वारकाजी म्हणाले.

सोळा. तेहतीस.

दोन खोकी. कुप्या शंभर. चार चिठ्ठ्यांपैकी कुठल्यातरी एकीवर, नाहीतर दोहोंवर. चारही चिठ्ठ्यांवर पाचच्या पाच शिक्के स्वच्छ उमटलेले होते.

द्वारकाजींनी लाइटनिंग, म्हणजे सर्वांत तातडीचे, ट्रंक कॉल लावले. पहिला दवाखाना दौशाकडचा. कंपाउंडरने खोकं उघडून अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. पाणी. तीनही खोकी पाणीच. दुसरा टोंकचा. पार्सल अजून बसस्टँडवर होतं, तिथला माणूस आणायला धावला आणि पंधरा मिनिटांनी उलटा फोन आला. पाणी. दोन्ही. सुखदेवने भिंतीला पाठ टेकली. तिसऱ्या दवाखान्याची लाइन लागेपर्यंत साडेपाच झाले. डॉक्टर स्वतः आले, कुप्यांवरचं नाव वाचून वैतागून म्हणाले, "पाणी मागितलं, पाणी आलं, त्यात काय एवढं?"

प्रत्येक वेळी कोंडिबाचा चेहरा किंचित मोकळा व्हायचा आणि प्रतिमाचा आवळत जायचा. प्रत्येक चांगल्या उत्तराबरोबर ती दोन खोकी चौथ्या चिठ्ठीकडे सरकत होती. आता जायला दुसरी जागाच उरली नव्हती.

चौथा दवाखाना सांभरच्या पलीकडच्या एका कसब्यातला. पाण्याची दोन खोकी. बस एक वाजता निघालेली, चार वाजता पोचलेली. लाइन तीनदा लागली आणि तीनदा खरखरून तुटली. चौथ्यांदा लागली तेव्हा रिसीव्हर प्रतिमाच्या हातात होता.

"हॅलो?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज. "चौकीदार बोलतोय."

"आज दुपारच्या बसने जयपूरहून औषधाचं पार्सल आलं का?"

"आलं ना."

"उघडलं?"

"हो. सिस्टरनी उघडलं. पाणी संपलं होतं दोन दिवसांपासून, वाट बघत होत्या. वॉर्डात घेऊन गेल्या. संध्याकाळची इंजेक्शनं चालू आहेत."

"ऐका. आत्ता धावत जा. त्या कुप्यांवरचं नाव वाचा म्हणावं. ते पाणी नाही. कुणालाही देऊ नका म्हणावं. जा, फोन ठेवू नका, नुसता खाली ठेवा आणि जा!"

"पाणी नाही?"

"नाही! जा!"

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा ठोका ऐकू आला. मग चपलांचा फटफट आवाज, लांब जाणारा, म्हाताऱ्या पायांचा. एक दार. मग पंखा फिरत असल्यासारखी घरघर, आणि खूप दूर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. नाव कळत नव्हतं.

द्वारकाजींनी दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले होते. कोंडिबा ओठांनी काहीतरी पुटपुटत होता, बहुधा अंतर मोजत असावा, व्हरांड्यापासून वॉर्डापर्यंत म्हातारं माणूस किती पावलांत जाईल ते. पलीकडे एक भांडं फरशीवर पडलं आणि गोल फिरत राहिलं. त्यानंतर नुसती घरघर.

"तीन मिनिटं झाली," मध्येच ऑपरेटर बोलली. "वाढवायचं?"

"वाढवा," प्रतिमा म्हणाली.

घरघर चालू राहिली. कुणी तरी पळालं, फोनच्या दिशेने नव्हे, उलट्या दिशेने. एक बाई मोठ्याने काही बोलली आणि एकदम थांबली. प्रतिमाने रिसीव्हर कानात रुतेल इतका दाबला. चपलांचा आवाज परत येतो का ते ती ऐकत होती. येत नव्हता.

"सहा मिनिटं झाली, मॅडम. पलीकडे कुणी बोलत नाहीये. वाढवायचं?"

"वाढवा."